सव्वीस ओळी की एकोणतीस?

दोन वर्षांपूर्वी मी एका गावाच्या इतिहासावरच्या पुस्तकाची मांडणी करत होतो. आकार नेहमीचाच, डेमी: साडेपाच बाय साडेआठ इंच. टाइप १३ पॉइंटचा आणि ओळ १८ पॉइंटची. मजकुराची रुंदी २८८ पॉइंट, म्हणजे बरोबर चार इंच ठेवली होती. तेवढ्यात एका ओळीत नऊ-दहा शब्द बसत होते आणि डोळ्याला ते सुखाचं वाटत होतं. मग प्रश्न आला उंचीचा. शिकतानाच मनात बसलेलं सुवर्ण गुणोत्तराचं सूत्र हाताशी होतं: रुंदीला १.६१८ ने गुणायचं. उत्तर आलं ४६६ पॉइंट. त्याला १८ ने भागलं तर २५.९ ओळी येतात, म्हणून सव्वीस धरल्या. पडद्यावर पान देखणं दिसत होतं. चारी बाजूंना मोकळे समास, मधोमध शांत उभा मजकूर.

प्रकाशकाने हिशेब केला. २९ ओळींच्या पानावर हाच मजकूर २०८ पानांत, म्हणजे सोळा पानी तेरा फर्म्यांत बसणार होता. २६ ओळींवर तो २३२ पानांवर गेला, आणि अर्धा फर्मा वेगळा छापायचा नव्हता, म्हणून पंधरा फर्मे. दोन फर्म्यांचा कागद, छपाई आणि बांधणी वाढली. प्रकाशक म्हणाले, "चौकोन तुमचा आहे तसाच ठेवा, ओळी जवळ घ्या." मी ओळ १८ वरून १६ पॉइंटवर आणली. ४६६ च्या चौकोनात १६ पॉइंटच्या बरोबर २९ ओळी बसतात. सुवर्ण गुणोत्तर शाबूत राहिलं, पानांची संख्याही राहिली.

मग छापील प्रूफ हातात आलं. वरच्या ओळीत 'उद्धृत' होतं आणि त्याच्या बरोबर खाली 'सर्वांनी'. वरच्या शब्दातला द्ध, त्याखाली लोंबणारा ऋकार आणि खालच्या शब्दातला रफार व अनुस्वार एकमेकांना टेकले होते. पानभर अशा सात-आठ जागा सापडल्या. जिथे अक्षरं टेकली नव्हती तिथेही दोन ओळींमधली पांढरी पट्टी इतकी बारीक झाली होती की दोन पानं वाचल्यावर नजर पुढच्या ओळीऐवजी त्याच ओळीवर परत येऊ लागली. चौकोनाचं प्रमाण निर्दोष होतं आणि पान वाचवत नव्हतं.

सुवर्ण गुणोत्तर किंवा ग्रिड, म्हणजे पानावर आखलेली सारख्या खणांची जाळी, यांनी पानाचं प्रमाण खरंच सुधारतं का, यावरचं माझं म्हणणं याच अनुभवातून आलेलं आहे. पानाचं प्रमाण सुधारतं ते त्यातली मापं एकाच मूळ मापाशी बांधलेली असतात तेव्हा, आणि ते मूळ माप मजकुरातून, त्याच्या लिपीतून आणि ओळीतून यावं लागतं. सुवर्ण गुणोत्तर हे काम करत नाही. ग्रिड करू शकतं, पण ते ओळीतून उगवलं असेल तरच. तयार आणून पानावर ठेवलेल्या ग्रिडचा उपयोग १.६१८ या आकड्याइतकाच.

सुवर्ण गुणोत्तराची कीर्ती मोठी आहे, म्हणून तिचा पाया कुठे आहे हे पाहायला हवं. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास रेषेचा असा छेद सांगितला की पूर्ण रेषेचं मोठ्या तुकड्याशी जे नातं, तेच मोठ्याचं लहानाशी. ही शुद्ध भूमिती आहे. सौंदर्याचा त्यात उल्लेख नाही. 'हा निसर्गाचा आणि कलेचा सार्वत्रिक नियम आहे' हा दावा जोरात मांडला तो आडोल्फ त्सायझिंग या जर्मन लेखकाने, १८५४ साली. त्यानंतर लोक जुन्या इमारतींवर हे चौकोन आखू लागले. सर्वांत लाडकं उदाहरण अथेन्सच्या पार्थेनॉनचं. पण त्या मंदिराचा चौथरा ६९.५ मीटर लांब आणि ३०.८८ मीटर रुंद आहे, म्हणजे ९ ला ४. खांबाचा खालचा व्यास आणि दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर यांचं नातंही ४ ला ९ च्या अगदी जवळचं आहे. ज्यांनी ते बांधलं त्यांनी एक साधं पूर्णांकी गुणोत्तर घेतलं आणि ते इमारतीत पुन्हा पुन्हा वापरलं, असं मोजमाप सांगतं. दर्शनी बाजूवर सुवर्ण आयत बसवायचा तर खालच्या पायऱ्या कुठून धरायच्या आणि आज पडलेलं शिखर किती उंच मानायचं हे आपल्या सोयीने ठरवावं लागतं.

ही सोय किती सैल असते ते माझ्या डेमी पानावरच दाखवतो. ८.५ इंच म्हणजे ६१२ पॉइंट, १८ पॉइंटच्या बरोबर ३४ ओळी. ५.५ इंच म्हणजे ३९६ पॉइंट, त्याच मापाची २२ घरं. पान झालं २२ बाय ३४, गुणोत्तर १.५४५. आता पुस्तक गोंदाच्या बांधणीचं आहे आणि कण्याच्या बाजूला साधारण ६ मिलिमीटर कागद नजरेआड जातो. हे माप जवळजवळ एका घराएवढं. म्हणजे वाचकाला दिसणारं पान २१ बाय ३४ उरतं. २१ आणि ३४ हे फिबोनाचीच्या मालिकेतले शेजारी आकडे, आणि त्यांचं गुणोत्तर १.६१९. आपल्याकडच्या डेमी पुस्तकांत प्राचीन रहस्य दडलेलं आहे, असा लेख मी उद्या लिहू शकेन. प्रत्यक्षात हा आकार मोठ्या कागदाच्या तीन घड्या घालून आणि कडा छाटून आला, आणि ते सहा मिलिमीटर गोंदाने खाल्ले. पुस्तक जरा जाड केलं किंवा शिवणीचं बांधलं की गुणोत्तर बदलतं. पुस्तक तेवढंच सुंदर किंवा कुरूप राहतं.

एक आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे: माणसाच्या डोळ्याला हे प्रमाण खरोखर आवडतं, असा प्रयोग झालाय ना? झालाय. गुस्टाव फेखनर यांनी १८७६ साली त्याचे निष्कर्ष मांडले. सारख्या क्षेत्रफळाचे दहा आयत, एका टोकाला चौरस आणि दुसऱ्या टोकाला ५ ला २. त्यातला ३४ ला २१ हा आयत सुमारे ३५ टक्के लोकांनी सर्वांत सुखद म्हणून निवडला. पण त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना, म्हणजे ३ ला २ आणि २३ ला १३ यांना, प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली. म्हणजे १.५ पासून १.७७ पर्यंतचा सगळा पट्टा लोकांना बरा वाटला. तिथे बारीक टोक नाही, एक पसरट टेकडी आहे. पुढे १९७४ साली मायकेल गॉडकेविच यांनी दाखवलं की समोर कोणते आयत ठेवले आहेत यावर ही पसंती सरकते. आयतांची रांग बदलली की लोक त्या नव्या रांगेच्या मधल्या भागाकडे वळतात. आणि मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. फेखनर यांचे आयत कोरे होते. त्यांत अक्षरं नव्हती, फोटो नव्हते, वाचायचं काही नव्हतं. आपण मात्र वाचण्यासाठी पान करतो.

सुवर्ण आयताच्या बाजूने एक खरोखरचा भूमितीय गुण मात्र मांडता येतो. त्यातून चौरस कापला की उरलेला तुकडा पुन्हा त्याच प्रमाणाचा असतो. लहान-मोठे भाग एका कुळातले राहतात, हा मुद्दा मला मान्य आहे. पण असा गुण दुसऱ्याही आयताला आहे, आणि तो आपण रोज हाताळतो. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए५ होतो, १४८ बाय २१०, आणि प्रमाण तेच राहतं. १ ला २ चं वर्गमूळ हे ते प्रमाण, जर्मनीत १९२२ साली ते कागदाचं मानक झालं. ते टिकलं, कारण छापखान्यात कागद दुमडतात, अर्धा कापतात, आणि हा गुण त्या कामाशी जुळतो. कागदातून चौरस कापून बाजूला टाकायची कृती छापखान्यात कुणाला लागत नाही. गुण कामाला जोडलेला असेल तर प्रमाण उपयोगी पडतं, एरवी ती कागदावरची शोभा राहते.

आता ग्रिडकडे. त्या फसलेल्या प्रूफनंतर मी सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी चौकोनाऐवजी ओळ आधी ठरवली. आमच्या टाइपात सर्वांत खोल जाणारं जोडाक्षर आणि सर्वांत उंच जाणारी मात्रा एकाखाली एक ठेवून, त्यांच्यात डोळ्याला फट दिसेपर्यंत अंतर वाढवत नेलं. १७ पॉइंटला टेकणं थांबलं, १८ ला मोकळं वाटलं. म्हणजे १८ पॉइंट हे या लिपीने, या टाइपने दिलेलं माप. पुढचं सगळं त्याच्या पटीत.

उंचीत किती ओळी घ्यायच्या हे ठरवताना एक साधा हिशेब कामी येतो. उभ्या दिशेने पानाचे सारखे खण पाडायचे आणि दोन खणांमध्ये एक ओळ मोकळी सोडायची. खणांची संख्या आणि प्रत्येक खणातल्या ओळी अशा बसायला हव्यात की पानावर अर्धवट ओळ उरणार नाही. प्रत्येक खणाला त्याच्या खालची मोकळी ओळ जोडून मोजलं, तर शेवटच्या खणाखाली एक ओळ जास्तीची धरली जाते. म्हणून पानावरच्या ओळींत एक मिळवायचा आणि त्या आकड्याला कशाने भाग जातो ते पाहायचं. २६ ओळी असतील तर २७ होतात, आणि २७ ला ३ आणि ९ सोडून दुसरं काही चालत नाही. तीन मोठे खण किंवा नऊ चिमुकले, मधलं काहीच नाही. २९ ओळी असतील तर ३० होतात. त्याचे दोन, तीन, पाच, सहा, हवे तसे खण पडतात. सहा खण घेतले तर प्रत्येकात चार ओळी, पाच घेतले तर पाच. प्रकाशकाने खर्चासाठी मागितलेल्या २९ ओळी मांडणीलाही सोयीच्या निघाल्या, हे मला त्या दिवशी कळलं. मजकुराचा चौकोन २८८ बाय ५२२ झाला, म्हणजे १.८१. सुवर्ण गुणोत्तरापासून बराच लांब. वर दोन ओळींची जागा राहिली, खाली तीन, आणि त्या तीनमध्येच पानाचा आकडा.

या पुस्तकात चाळीसेक जुने फोटो होते. सहा-सात सोडून बाकी सगळे याच सहा खणांत बसवले: कुणी एक खण, कुणी दोन, कुणी तीन. फोटोओळी दर वेळी मजकुराच्याच ओळीवर उतरत होत्या. समोरासमोरच्या दोन पानांवरच्या ओळी एका रेषेत आल्या, आणि कागदातून पलीकडच्या पानाच्या ओळी आरपार दिसतात त्याही याच ओळींच्या मागे लपल्या. पातळ कागदावर हा फायदा मोठा आहे. मधल्या पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या पांढऱ्या राहतात. ग्रिड प्रमाण सुधारतं का, या प्रश्नाला माझं होकारार्थी उत्तर इथून येतं: छापील पान उजेडासमोर धरून तपासता येईल अशी ही सुधारणा आहे.

पण ग्रिड जसंच्या तसं उचललं की मराठी पानावर ते कुठे चुकतं, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. ही पद्धत नेमकी बांधली ती स्वित्झर्लंडमधल्या मांडणीकारांनी, विशेषतः योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी, आणि त्यांच्यासमोर रोमन लिपी होती. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. त्यांच्या नियमानुसार फोटोची वरची कड खणातल्या पहिल्या ओळीच्या उंच अक्षरांच्या माथ्याशी जुळवतात आणि खालची कड शेवटच्या ओळीच्या पायाशी. देवनागरी मात्र शिरोरेखेला लटकते. आपला डोळा ओळीची वरची कड म्हणून शिरोरेखाच धरतो. वेलांटी, मात्रा, रफार हे तिच्यावर अधूनमधून उमटतात, त्यांची सलग रेषा होत नाही. फोटोची कड मात्रांच्या माथ्याशी जुळवली तर शेजारच्या मजकुरापेक्षा फोटो चार-पाच पॉइंट वर चढलेला दिसतो. मोजपट्टी लावली तर सगळं बरोबर येतं, आणि पान वाकडं भासतं.

म्हणून आमच्या खणाची दिसणारी उंची वेगळी मोजावी लागली. चार ओळींचा खण कागदोपत्री ७२ पॉइंटचा. पण पहिल्या ओळीच्या शिरोरेखेपासून चौथ्या ओळीतल्या कान्याच्या पायापर्यंत मोजलं तर तीन ओळींचे ५४ आणि त्यात एका अक्षराची उंची. आमच्या टाइपात शिरोरेखेपासून पायापर्यंत सुमारे साडेआठ पॉइंट भरले. एकूण साडेबासष्ट. एका खणाचा फोटो साडेबासष्ट पॉइंट उंच केला की तो शेजारच्या चार ओळींशी वर आणि खाली दोन्हीकडे जुळतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या चौकटीसाठी First Baseline ही सेटिंग असते. तिथे Cap Height किंवा Ascent निवडलं तर पहिली ओळ टाइप बदलताच जागा सोडते. Fixed निवडून साडेआठ पॉइंट दिले की शिरोरेखा चौकटीच्या माथ्याला बरोबर लागते, आणि मात्रा चौकटीबाहेर डोकावतात. त्यांनी डोकवावंच.

शीर्षकांच्या मापांतही हाच फरक पडतो. १.६१८ ची पायरी लावली तर १३ नंतर २१, मग ३४ येतात. मासिकाच्या मुखपृष्ठावर ही चढण चालेल. पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण आणि टीप अशा जवळजवळच्या पातळ्या असतात, तिथे १३ वरून एकदम २१ ही उडी मोठी होते. आम्ही उपशीर्षक १५ पॉइंटचं ठेवलं आणि त्याच्या वर एक ओळ मोकळी सोडली. ते उठून दिसलं ते त्या मोकळ्या ओळीमुळे.

म्युलर-ब्रोकमान यांनी स्वतःच म्हटलं होतं की ग्रिड ही मदत आहे, हमी नाही. मला ती हमी नसल्याचं पटलं ते एका सामूहिक फोटोमुळे. गावच्या शाळेचा जुना फोटो, तेवीस माणसं, दोन रांगा. पूर्ण रुंदीला, म्हणजे २८८ पॉइंटला घेतला तर त्याची उंची १७१ पॉइंट येत होती. दोन खणांची दिसणारी उंची १५२ पॉइंटच्या थोडी वर, तीनची २४२ पॉइंटच्या वर. १७१ कुठेच बसत नव्हती. दोन खणांत बसवायचा तर वर-खाली छाटावं लागत होतं, म्हणजे पुढच्या रांगेतल्या मुलांचे पाय आणि वर कोरलेलं शाळेचं नाव जाणार. तीन खण भरायचे तर फोटो मोठा करून दोन्ही बाजू कापाव्या लागत होत्या, आणि टोकाला उभी असलेली पाच-सहा माणसं बाहेर पडणार. हे पुस्तक त्या गावातच विकलं जाणार होतं. टोकाला उभा असलेला माणूस कुणाचा तरी आजोबा होता.

आम्ही वरची कड शिरोरेखेला लावली आणि खालची कड जिथे येईल तिथे येऊ दिली. ती दोन ओळींच्या मध्येच कुठेतरी पडते. त्यानंतरची फोटोओळ मात्र पुढच्या नेमक्या ओळीवर सुरू होते, म्हणजे शेजारच्या पानाशी मजकूर पुन्हा जुळतो. अशा सहा-सात फोटोंच्या खाली राहिलेली पांढरी जागा प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी आहे, कुठे सात पॉइंट, कुठे सोळा. त्या फोटोंतली माणसं सगळी चौकटीच्या आत आहेत, पायांसकट.